'निर्दोष मुक्तता' आणि 'अपील': सुटलेला माणूस केव्हा खरा सुटतो?

प्रश्न: "बातमीत 'निर्दोष मुक्तता' वाचतो आणि आठवड्याभरात 'राज्य सरकार अपिलात जाणार' हेही वाचतो. निर्दोष ठरलेल्यावर पुन्हा खटला कसा चालतो? मग 'निर्दोष मुक्तता' हा शब्दच चुकीचा म्हणायचा का?"

शब्द चुकीचा नाही, पण त्यातले 'निर्दोष' हे पद ऐकणाऱ्याच्या मनात कायद्यापेक्षा जास्त वजन घेऊन बसते. न्यायालय म्हणते ते एवढेच की समोर आलेल्या पुराव्यावरून आरोप संशयापलीकडे सिद्ध झाला नाही, म्हणून आरोपीला सोडण्यात येत आहे. कायद्याच्या भाषेत याला 'दोषमुक्ती' म्हणतात. गंमत अशी की वर्तमानपत्रांत 'दोषमुक्तीसाठी अर्ज' असे छापून येते तेव्हा बहुधा आरोपनिश्चितीपूर्वीच खटल्यातून वगळण्याची मागणी अभिप्रेत असते. त्यामुळे पूर्ण खटला चालून झालेल्या सुटकेसाठी 'निर्दोष मुक्तता' हाच शब्द मला कमी घोटाळ्याचा वाटतो.

राहिला 'पुन्हा खटला' हा शब्दप्रयोग, आणि खरी गफलत इथेच होते. एकाच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा खटला चालवण्यास कायद्याची मनाई आहे. पण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 300 मध्ये आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 337 मध्ये ही मनाई दोषसिद्धी किंवा दोषमुक्ती 'अंमलात असेपर्यंत' लागू असते. अपील हा नवा खटला नव्हे. तो त्याच खटल्याचा पुढचा टप्पा समजला जातो, आणि दोषमुक्ती रद्द झाली की ती अंमलातच राहत नाही. म्हणून 'पुन्हा खटला' न म्हणता 'निकालाला आव्हान' म्हणणे अचूक ठरेल.

समजा, सत्र न्यायालयाने खुनाच्या आरोपातून एकाला सोडले. निकालाआधीच त्याच्याकडून सहा महिन्यांसाठी एक बंधपत्र घेतले जाते, की वरच्या न्यायालयाची नोटीस आली तर मी हजर राहीन. "सुटलाय ना, मग जामीन कशाला?" असे घरचे वकिलाला विचारतात, ते याच कागदामुळे. सरकारला अपिलासाठी 90 दिवस मिळतात, आणि निकालाची प्रमाणित नक्कल मिळायला लागलेला वेळ त्या 90 दिवसांत मोजला जात नाही. मुदत उलटली तरी विलंब माफीचा अर्ज करता येतो, त्यामुळे 91 व्या दिवशी हुश्श करणाऱ्याने जरा थांबलेले बरे. सरकारी वकील उच्च न्यायालयात जातो तेव्हा अपील आपोआप दाखल होत नाही. आधी परवानगी मागावी लागते, आणि सकृद्दर्शनी दम नसेल तर प्रकरण तिथेच संपते. परवानगी मिळाली, तर उच्च न्यायालय वॉरंट काढून सुटलेल्याला अटक करवू शकते, किंवा त्याला जामिनावर ठेवू शकते. बंधपत्राचे सहा महिने संपले असले तरी हा अधिकार राहतो.

सुनावणीत मात्र पारडे आरोपीकडे झुकलेले असते. सर्वोच्च न्यायालयाने 2007 च्या चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितले, की मुळात प्रत्येक आरोपीला असलेले निर्दोषत्वाचे गृहीतक दोषमुक्तीमुळे अधिकच पक्के होते. त्यामुळे पुराव्यावरून दोन निष्कर्ष वाजवीपणे निघत असतील, तर निव्वळ आपले मत निराळे म्हणून वरच्या न्यायालयाने खालचा निकाल फिरवू नये. अपिलात न्यायालय पुरावा मुळापासून तपासू शकते आणि थेट शिक्षाही देऊ शकते. याउलट पुनरीक्षणात, म्हणजे ज्याला वकील 'रिव्हिजन' म्हणतात त्यात, उच्च न्यायालयाला दोषमुक्तीचे दोषसिद्धीत रूपांतर करता येत नाही. 'अपील' आणि 'पुनरीक्षण' हे शब्द अदलाबदलीने वापरणाऱ्यांनी हा एक फरक तरी ध्यानात ठेवावा.

2006 च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात शब्दांचा हा गोंधळ अगदी समोर आला. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने दोषी ठरवलेल्या 12 जणांची मुंबई उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 रोजी निर्दोष मुक्तता केली, आणि राज्य शासनाने लगोलग सर्वोच्च न्यायालय गाठले. उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध वर जाताना विशेष अनुमतीची याचिका करावी लागते, म्हणजे मार्ग वेगळा असला तरी आव्हान तेच. 24 जुलैला 'स्थगिती' मिळाल्याची बातमी आली, तेव्हा अनेकांनी सुटलेले पुन्हा तुरुंगात जाणार असे समजून घेतले. प्रत्यक्षात न्यायालयाने त्यांना परत तुरुंगात पाठवले नाही, आणि शासनानेही ते मागितले नव्हते. स्थगिती इतकीच होती, की उच्च न्यायालयाच्या या निकालाचा आधार इतर प्रकरणांत पूर्वोदाहरण म्हणून घेऊ नये. म्हणून अशा वेळी 'निर्दोष मुक्ततेला स्थगिती' असा मथळा न देता 'निकालाच्या पूर्वोदाहरण म्हणून वापराला स्थगिती' असे लिहावे. मथळा लांबतो, पण सुटलेल्याच्या घरी तो वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येत नाही.