चर्चेतला वाटा वाढला म्हणून लगेच खूश होऊ नकोस

अरे, तुमच्या ब्रँडचा शेअर ऑफ व्हॉइस, म्हणजे तुमच्या आणि स्पर्धकांच्या एकूण उल्लेखांतला तुमचा वाटा, ४० टक्क्यांवर गेला हे तू लिहिलेलं वाचलं, पण तो आकडा सेंटिमेंटशिवाय, म्हणजे उल्लेख चांगले की वाईट हे न सांगता, वरिष्ठांना दाखवू नकोस. समजा, महिन्यात तुमचा आणि दोन स्पर्धकांचे अशा तिन्ही ब्रँडचे मिळून १००० उल्लेख झाले आणि त्यातले ४०० तुमचे. झाले ४० टक्के. पण त्या ४०० पैकी ८० चांगले, २०० वाईट आणि बाकीचे तटस्थ असतील, तर लोक तुमच्याबद्दल बोलतायत त्यातलं निम्मं तक्रारीचंच. आता फक्त चांगले उल्लेख मोज. तुमचे ८०, एका स्पर्धकाचे १४०, दुसऱ्याचे १००. म्हणजे ३२० मधले ८०, तुमचा वाटा थेट २५ टक्क्यांवर येतो. मी तरी हाच आकडा आधी बघतो.

आणि उल्लेख मोजणाऱ्या टूलने दिलेल्या सेंटिमेंटवर डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. "वा, तिसऱ्यांदा बंद पडलं, फारच छान सेवा!" असं टोमण्याचं वाक्य टूल अनेकदा चांगल्यात टाकतं. दर महिन्याला प्रत्येक ब्रँडचे शंभरेक उल्लेख निवड न करता, कुठलेही उचलून स्वतः वाच आणि टूलच्या चुका दुरुस्त कर. स्पर्धकांचेही वाच बरं का, नाहीतर चुका फक्त तुमच्याच बाजूच्या दुरुस्त होतील आणि तुलनाच बिघडेल.