टंच कमी भरला, तर सराफाला हात झटकता येत नाहीत

प्रश्न : गेल्या वर्षी पाडव्याला नौपाड्यातल्या एका सराफाकडून दोन तोळ्यांच्या पाटल्यांची जोडी घेतली. बिलावर २२ कॅरेट आहे, हॉलमार्कही आहे. आता त्या मोडून तोडे करावेत म्हणून वाशीला दुसऱ्या पेढीत नेल्या, तर मशीनवर टंच ८७५ आला. पहिला सराफ म्हणतो, "शिक्का हॉलमार्किंग केंद्राने मारलाय, माझा काय संबंध?" काय करू? – एक वाचक, कळवा

उत्तर : ताई, सगळ्यात आधी एक करा: पाटल्या मोडू नका. वितळवून टंच काढू म्हणाले तरी देऊ नका. सोन्याची लगड झाली की शिक्का गेला, आणि ते सोनं त्याच पाटल्यांचं होतं हे सिद्ध करणं जवळपास अशक्य होतं.

८७५ म्हणजे हजार भागांत ८७५ भाग शुद्ध सोनं, अर्थात २१ कॅरेट. २२ कॅरेटला ९१६ हवेत. त्याखाली थोडंफार चालून जाईल अशी सूट भारतीय मानकात नाही. पण पेढीतल्या मशीनचा आकडा ग्राहक आयोगापुढे पुरेसा नाही. ते एक्स-रेचं मशीन फक्त वरचा पातळ थर वाचतं. किरण टाक्याच्या जागी पडला तर आकडा कमी येतो, वर चांगल्या सोन्याचा मुलामा असेल तर जास्त. त्यामुळे हा आकडा संशयाला कारण आहे, पुरावा नव्हे.

आता भिंगाखाली शिक्का बघा. भारतीय मानक ब्युरोचं, म्हणजे बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, 22K916 आणि अक्षर-अंकांचा सहा खुणांचा एचयूआयडी, या तिन्ही गोष्टी हव्यात. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. हा क्रमांक प्रत्येक नगाचा स्वतंत्र असतो, म्हणून दोन्ही पाटल्यांवर तोच क्रमांक दिसला तर तिथेच गडबड आहे. मग BIS Care ॲपमध्ये Verify HUID वर तो टाका. दागिन्याचा प्रकार, शुद्धता, हॉलमार्किंगची तारीख, केंद्र आणि शिक्का करून घेणाऱ्या सराफाची नोंदणी दिसेल. तिथे पाटलीऐवजी अंगठी दिसली, तर शिक्का दुसरीकडचा उचललेला असू शकतो. नाव मात्र तुमच्या सराफाचं नसेल तर लगेच फसवणूक समजू नका. त्याने माल घाऊक व्यापाऱ्याकडून शिक्क्यासकट घेतलेला असू शकतो. प्रत्येक स्क्रीनचा फोटो ठेवा.

त्यानंतर बीआयएस मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात स्वतः जा. कोणताही ग्राहक तिथे दागिना तपासून घेऊ शकतो; चार नगांपर्यंत २०० रुपये आणि जीएसटी लागतो. केंद्रांची यादी बीआयएसच्या संकेतस्थळावर आहे. ज्या केंद्राने शिक्का मारला ते सोडून दुसरं निवडा. अहवालात दोन्ही नगांचं वजन आणि एचयूआयडी लिहून घ्या, नाहीतर सराफ "हा माल माझा नाहीच" म्हणेल. सर्वांत खात्रीची परीक्षा, म्हणजे सोनं भट्टीत घालून करायची, त्यात दागिन्याचा तुकडा कापावा लागतो. ती आत्ता नको. आयोगात सराफाने अहवाल नाकारला, तर नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे, आणि कापाकापी तेव्हाच व्हावी.

सराफाचं उत्तर कायद्यात बसत नाही. बीआयएस नियम २०१८ मधला नियम ४९ भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत विक्रेत्यावर टाकतो: शुद्धतेत जितकी तूट, तिच्या किमतीच्या दुप्पट रक्कम, शिवाय तपासणीचा खर्च. तुमच्या बाबतीत अहवालातही ८७५ च आला, तर हजारी ४१ भागांची तूट. वीस ग्रॅमवर ती ०.८२ ग्रॅम शुद्ध सोनं होते. खरेदीच्या दिवशी शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला ९,००० रुपये होता असं हिशेबापुरतं धरू. तूट ७,३८० रुपयांची, भरपाई १४,७६०. प्रत्यक्षातला भाव तुमच्या बिलावरून घ्या. बिलावर निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्किंगचा आकार वेगळे दाखवलेले असायला हवेत. नसतील तर तोही तक्रारीतला मुद्दा होतो.

अहवाल हाती आला की सराफाला नोंदणीकृत डाकेने नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या, आणि त्याच वेळी ॲपवरून बीआयएसकडे तक्रार नोंदवा. क्रमांक बनावट निघाला तर प्रकरण भरपाईपुरतं राहत नाही. बीआयएस कायदा २०१६ नुसार तो तुरुंगवासापर्यंत जाणारा गुन्हा आहे. नोटिशीला दाद मिळाली नाही, तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जा. ॲपवर शिक्का करून घेणारा दुसराच सराफ दिसला असेल, तर त्यालाही पक्षकार करा. पाटल्यांसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्याने आयोगाचं शुल्क लागणार नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ती खरेदीच्या तारखेपासूनच मोजा, मशीनवर टंच कळला त्या दिवसापासून नको, म्हणजे मुदतीवरून वाद घालायला सराफाला जागा उरणार नाही.