पोलिसांच्या छातीवरच्या कॅमेऱ्याने मारहाण खरंच कमी होते का?

प्रश्न: दसरा चौकात वाहतूक हवालदाराच्या छातीवर कॅमेरा दिसला. याने पोलिसांची दमदाटी, मारहाण आणि लोकांच्या तक्रारी कमी होतात याला काही पुरावा आहे, की नुसताच खर्च?

तक्रारी बऱ्याच ठिकाणी कमी झाल्यात. मारहाण कमी होते असं मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि जिथे ती कमी झाली, तिथे कॅमेऱ्यापेक्षा त्याचं बटण कधी दाबायचं याचा नियम महत्त्वाचा ठरला असावा, असं माझं मत आहे. मी कोल्हापुरात फौजदारी वकिली करतो. एका अशिलाच्या प्रकरणात असं फुटेज हाताळावं लागलं, तेव्हापासून या विषयावरचे अभ्यास वाचत आलोय.

ज्याच्या जोरावर हे कॅमेरे जगभर विकले गेले, तो प्रयोग कॅलिफोर्नियातल्या रियाल्टो नावाच्या लहान शहरातला. लोकवस्ती लाखाच्या आसपास. फेब्रुवारी २०१२ पासून वर्षभर तिथले पोलीस प्रमुख टोनी फरार आणि केंब्रिजचे संशोधक बराक एरियल यांनी गस्तीवरच्या ५४ पोलिसांवर तो केला. कोणत्या पाळीत कॅमेरा लावायचा आणि कोणत्या पाळीत नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरायचं. अशा ९८८ पाळ्या झाल्या. कॅमेरा असलेल्या पाळ्यांत बळाचा वापर ८ वेळा झाला, नसलेल्यांत १७ वेळा. वर्षभरात तक्रारी आल्या फक्त ३, म्हणजे आधीच्या वर्षापेक्षा साधारण ९० टक्के कमी.

आता हे आकडे वकिलाच्या नजरेने बघा. ८ आणि १७ मिळून झाले २५. त्याच्या आदल्या वर्षी हाच आकडा साठच्या घरात होता. म्हणजे कॅमेरा नसलेल्या पाळ्यांतसुद्धा मारहाण उतरली! याचं एक कारण असं दिलं जातं की पोलीस तेच होते. आज कॅमेरा लावणारा उद्या बिनकॅमेऱ्याचा, त्यामुळे अंगात भिनलेली सावधगिरी दुसऱ्या पाळीतही टिकली. तसं असेलही. पण त्याच वर्षी खात्यात दुसरं काही बदललं असेल, तर तेही याच आकड्यात मिसळलंय आणि वेगळं काढता येत नाही. तक्रारींचं तर त्याहून अवघड, कारण ३ तक्रारींची कॅमेऱ्याच्या आणि बिनकॅमेऱ्याच्या पाळ्यांत वाटणी करून काय सिद्ध होणार?

त्यानंतर वॉशिंग्टन शहराने मोठा प्रयोग केला. २०१५-१६ मध्ये २,२२४ पोलीस घेतले, चिठ्ठीने निम्म्याहून थोड्या जास्त जणांना कॅमेरे दिले आणि बाकीच्यांना तसंच ठेवलं. २०१७ मध्ये निकाल जाहीर झाला. बळाचा वापर असो की तक्रारी, दोन्ही गटांत दखल घ्यावी असा फरकच दिसला नाही. त्या शहराच्या पोलिसांवर २००१ पासूनच केंद्र सरकारशी झालेल्या कराराप्रमाणे बळाच्या वापराचे कडक नियम लागू झाले होते. जिथे आधीच लगाम आहे, तिथे कॅमेऱ्याने आणखी किती आवळणार, हा युक्तिवाद मला पटतो. पण एकाच ठाण्यातले कॅमेरावाले आणि बिनकॅमेरावाले एकाच कॉलवर जातात, हेही लक्षात ठेवायला हवं. त्यामुळे फरक पुसट झालेला असू शकतो. पुढे २०२० मध्ये अशा ३० अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यातही बळाच्या वापरावर ठाम परिणाम सापडला नाही, तक्रारी तेवढ्या कमी झालेल्या दिसल्या.

मग बटणाचं काय? एरियल आणि सहकाऱ्यांनी १० प्रयोगांचे आकडे वेगळ्या तऱ्हेने मांडून २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. जिथे पोलिसांनी सुरुवातीपासून कॅमेरा चालू ठेवला आणि समोरच्याला तसं सांगितलं, तिथे बळाचा वापर ३७ टक्के कमी होता. जिथे कधी चालू करायचं हे पोलिसाच्या मर्जीवर राहिलं, तिथे तो ७१ टक्के जास्त होता. ही विभागणी प्रयोग संपल्यावर केलेली आहे, त्यामुळे हे आकडे मी कोर्टात पुरावा म्हणून नाही, दिशा म्हणून वापरीन. पण माझ्या फाईलमधला अनुभव याच दिशेचा आहे.

नाकाबंदीत एका पोराला अडवलं होतं. वडील माझ्याकडे आले ते म्हणत, "वकीलसाहेब, साहेबांच्या छातीवर कॅमेरा हाय म्हणून आम्ही निर्धास्त हुतो." क्लिप हातात आली. असे बरेच कॅमेरे बटण दाबण्याच्या आधीचं अर्धं मिनिट आपोआप साठवतात, पण बहुतेकदा चित्रच, आवाज नाही. या क्लिपमध्येही तसंच होतं. पहिलं अर्धं मिनिट पोराचे ओठ हलताना दिसतात, तो काय म्हणतोय ते कळत नाही. मग एकदम आवाज सुरू होतो आणि पहिलंच वाक्य ऐकू येतं ते पोराचं, तारस्वरातलं, "मारता कशाला?" पोलिसाचा हात कुठेच नाही. कारण कॅमेरा त्याच्याच छातीवर, तो समोरच्याला दाखवतो, घालणाऱ्याला नाही. क्लिप पाहणाऱ्याला वाटेल, पोरगं उगाच ओरडतंय. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या पोलिसाच्या छातीवर कॅमेरा असता तर चित्र पुरं झालं असतं.

तक्रारी कमी होण्याचा अर्थही यावरून नीट लावता येतो. कॅमेरा बघून पोलीस नरमला, म्हणून तक्रार झाली नाही, असं होऊ शकतं. खोटी तक्रार करणारा रेकॉर्डिंग आहे म्हणून मागे फिरला, असंही होऊ शकतं. आणि खरोखर मार खाल्लेला माणूस अशी अर्धवट क्लिप बघून गप्प बसला, असंही. तिन्हींचा आकडा एकच दिसतो.

आपल्याकडची खरी अडचण याच्याही आधी सुरू होते. अमेरिकेतल्या या शहरांत पोलिसाने बळ वापरलं की त्याला लेखी अहवाल द्यावा लागतो, म्हणून ८ आणि १७ मोजता आले. आपल्या रस्त्यावर पोटरीवर बसलेली लाठी कुठल्या रजिस्टरमध्ये चढते? मोजमापच नसेल, तर कॅमेऱ्याने काय कमी झालं हे कोण सांगणार? १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक झालं आहे, ते चांगलंच आहे. पण चौकातली अडवणूक म्हणजे झडती नव्हे.

तुम्हाला खरंच उत्तर हवं असेल, तर पोलीस अधीक्षक कार्यालयात माहिती अधिकाराखाली तीनच गोष्टी विचारा. कॅमेरा चालू-बंद करण्याचा लेखी आदेश आहे का? फुटेज किती दिवस ठेवतात आणि ते कोण तपासतं? बळ वापरल्याची नोंद कोणत्या नोंदवहीत होते? आणि तुमच्यावर किंवा ओळखीच्या कुणावर प्रसंग आलाच, तर त्याच आठवड्यात तारीख, वेळ, ठिकाण आणि माहीत असेल तर बिल्ला क्रमांक घालून, 'हे फुटेज राखून ठेवावे' असा अर्ज द्या. आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. मुदत संपली की फुटेज पुसलं जातं, आणि मग माझ्यासारख्या वकिलाच्या हातात तुमच्या शब्दाशिवाय काही उरत नाही.