बोनस एकदम गुंतवू की हप्त्याहप्त्याने?

"कर वजा जाऊन बोनसचे 12 लाख हातात आलेत. सगळे एकदम इक्विटी फंडात टाकले आणि पुढच्याच महिन्यात बाजार पडला तर? त्यापेक्षा दरमहा एक लाख असं वर्षभर टाकलं तर सुरक्षित नाही का? पगारातून एसआयपी करतोय, तीही अशीच असते ना?"

गोंधळ सुरू होतो तो शेवटच्या प्रश्नापासून. पगारातली एसआयपी महिन्याला असते, कारण पैसेच महिन्याला येतात. जे आलं ते लगेच गुंतवलं जातं, मागे काही पडून राहत नाही. बोनस मात्र आजच पूर्ण हातात आहे. त्याचे बारा हप्ते पाडले की पहिल्या दिवशी 11 लाख बाजाराबाहेर राहतात. हे चूकच असं नाही, पण त्याला किंमत पडते.

ती किंमत मोजता येते. पहिला हप्ता आज, शेवटचा अकरा महिन्यांनी, म्हणजे पैसे सरासरी साडेपाच महिने थांबतात. थांबलेल्या पैशांवर लिक्विड फंडात, म्हणजे अगदी कमी मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात, 5 टक्के आणि इक्विटीत 10 टक्के मिळतील असं धरलं, तर 12 लाखांवर साधारण साडेसत्तावीस हजारांचं पाणी सोडावं लागतं. हे गृहीत धरलेले दर आहेत, बाजार असा सरळ रेषेत चालत नाही. पण कल तोच दिसतो: व्हॅनगार्ड या फंड कंपनीने 2012 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाचे जुने आकडे तपासले, तेव्हा शेअर आणि रोख्यांच्या मिश्र गुंतवणुकीत एकरकमी पर्याय बारा महिन्यांच्या हप्त्यांपेक्षा तीनपैकी साधारण दोन वेळा पुढे निघाला.

उरलेल्या एका वेळेची भीती मात्र खोटी नाही. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेचा एस अँड पी 500 निर्देशांक पाच आठवड्यांत सुमारे 34 टक्के पडला. हप्ते चालू असताना अशी पडझड झाली तर ते वाचवतात. तेराव्या महिन्यात झाली तर? तोवर सगळे पैसे आत गेलेले असतात, आणि एकरकमी गुंतवणाऱ्याइतकाच फटका बसतो. हप्त्यांनी जोखीम कमी होत नाही, पुढे ढकलली जाते. म्हणून इक्विटीत किती ठेवायचं हे आधी ठरवायला हवं, कसं टाकायचं हे नंतर.

या नोकरदाराच्या बाबतीत आकडे असे निघाले. क्रेडिट कार्डाची थकबाकी एक लाख होती, ती पहिल्यांदा फेडली. आणीबाणीच्या निधीत सहा महिन्यांचा खर्च भरायला दोन लाख कमी पडत होते. दोन वर्षांत घरासाठी तीन लाख लागणार होते, आणि एवढ्या जवळच्या गरजेचा पैसा इक्विटीत घालण्यात अर्थ नव्हता. उरले सहा लाख. बारा लाखांचा प्रश्न इथेच निम्मा झाला.

पुढची कसोटी म्हणजे आधीची गुंतवणूक. इक्विटीत आधीच साठ लाख असते, तर हे सहा लाख एकदम टाका म्हटलं असतं, कारण दहा टक्क्यांच्या भरीने चित्र फारसं बदलत नाही. इथे होते आठ लाख. नवी रक्कम एकदम पाऊणपट, आणि माणूस पडझडीत घाबरून विकण्याची शक्यता मोठी. म्हणून तीन लाख लगेच आणि उरलेले तीन लाख पुढच्या सहा महिन्यांत 50 हजारांच्या हप्त्यांनी, असं ठरलं. आधीच्याच दरांनी या थांबण्याची किंमत साडेचार हजारांच्या आत येते. दोन हप्ते जाऊन बाजार 30 टक्के पडलाच, तर नव्या पैशातला तोटा साधारण एक लाख वीस हजारांचा, एकरकमी असता तर एक लाख ऐंशी हजारांचा. शिवाय दोन लाख स्वस्तात घ्यायला शिल्लक. गणिताने एकरकमीच बरी, पण झोप उडून मध्येच विकणाऱ्याला ते गणित कामाचं नाही.

योजना बिघडते ती बहुतेक हाताने हप्ते टाकताना. बाजार पडला की "अजून पडू दे", चढला की "जरा खाली येऊ दे", आणि सहा महिन्यांचे दीड वर्ष होतं. शिवाय बचत खात्यात पडलेला पैसा मोबाइल, सहल असा झिरपत जातो. त्यावर उपाय म्हणजे पूर्ण रक्कम लिक्विड फंडात ठेवून तिथून इक्विटी फंडात ठरलेल्या तारखेला आपोआप जाणारं हस्तांतर, म्हणजे एसटीपी, लावून देणं. मात्र प्रत्येक हस्तांतर ही लिक्विड फंडातली विक्री धरली जाते, त्यामुळे नफ्यावर कर लागू शकतो. एक्झिट लोडचा, म्हणजे लवकर पैसे काढल्यास लागणाऱ्या शुल्काचा, काळही प्रत्येक हप्त्याच्या तारखेपासून वेगळा मोजला जातो.

तिसऱ्या हप्त्याआधी या नोकरदाराने विचारलंच, "बाजार चढलाय, उरलेले थांबवू का?" एसटीपी बंद करण्याचा अर्ज भरायचा नाही, एवढंच उत्तर होतं. हप्ते लवकर संपवायचे असतील तर हरकत नाही, लांबवायचे नाहीत.