पहिला वाहतूक आराखडा: वायव्य कोपरा आणि किमान खर्च

गोदामांतून दुकानांना माल कसा पाठवायचा याचा पहिला आराखडा या दोन पद्धतींनी मांडता येतो. आधी पुरवठा आणि मागणीची बेरीज जुळते का बघ. समजा, अ गोदामात 30 पोती, ब मध्ये 40. तीन दुकानांना हवीत 20, 25, 25. पोत्यामागे भाडं अ कडून 8, 6, 3 रुपये, ब कडून 4, 5, 9. तक्ता मांड: ओळींत गोदामं, स्तंभांत दुकानं, घराघरात भाडं.

वायव्य कोपरा पद्धतीत भाड्याकडे बघायचंच नाही. वरच्या डाव्या घरात मावेल तेवढं भर, मग उजवीकडे किंवा खाली सरक. अ कडून 20 आणि 10, ब कडून 15 आणि 25 जातात. खर्च 520 रुपये. 9 चं महाग घर आपसूक भरलं जातं.

किमान खर्च पद्धतीत सगळ्यात स्वस्त घर आधी भर: आधी 3 चं घर (25 पोती), मग 4 चं (20), 5 चं (20), उरलेली 5 पोती 6 ला. खर्च 285.

नवखे हमखास चुकतात ते इथे: ओळ आणि स्तंभ एकदम संपले की दोन्ही खोडतात. एकच खोड, दुसऱ्यात पुढे शून्य भर. भरलेली घरं ओळी + स्तंभ − 1, म्हणजे इथे 4 हवीत.