परदेशी स्थलांतरानंतर खात्यातील देश बदलताना

प्रश्न : नोकरीनिमित्त मी चार महिन्यांपूर्वी कुटुंबासह परदेशातील एका शहरात राहायला आलो. फोनवरील ॲप स्टोअरचे माझे खाते अजून जुन्या देशाचेच आहे. त्यात आठ वर्षांत विकत घेतलेले चित्रपट, पुस्तके आणि ॲप्स आहेत, भेटकार्डांची शिल्लक आहे, एका वार्षिक वर्गणीचे पाच महिने बाकी आहेत आणि विशलिस्टमध्ये साठेक नावे आहेत. इथल्या बँकेचे ॲप मात्र मला स्टोअरमध्ये दिसतच नाही. देश बदलला तर घेतलेले सगळे जाईल का? आणि न बदलता तसेच ठेवले तर तो गुन्हा ठरतो का?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याचीच धास्ती अधिक दिसते. स्थलांतरानंतर खात्यातील देश काही महिने जुनाच राहिला, एवढ्यावरून फौजदारी गुन्हा होत नाही. खाते उघडताना आपण ज्या अटींना संमती दिली, त्यांत खात्यावरील देश हा आपल्या राहण्याचा देश असावा असे साधारणपणे असते, आणि ती अट न पाळणे हा कराराचा भंग आहे. त्याचा परिणाम म्हणजे सेवा रोखली जाणे किंवा खाते बंद होणे. मात्र जिथे किंमत कमी आहे अशा तिसऱ्याच देशाचा खोटा पत्ता देणे, किंवा व्हीपीएन वापरून आपण तिथेच आहोत असे भासवणे, ही वेगळी गोष्ट आहे. विलंब क्षम्य मानला जाऊ शकतो. जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती आपण पुढे कोणतीही तक्रार केली तरी आपल्याच विरुद्ध पुरावा म्हणून उभी राहते.

कंपन्या देशाबाबत इतक्या काटेकोर का असतात, हे कळले की पुढचा सगळा मामला सोपा होतो. त्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे प्रताधिकार हा प्रदेशागणिक विकला जातो. एकाच चित्रपटाचे वितरणाचे हक्क एका देशात एका संस्थेकडे आणि शेजारच्या देशात दुसऱ्याच संस्थेकडे असू शकतात, आणि स्टोअरला ज्या प्रदेशाची परवानगी मिळाली आहे त्या प्रदेशापुरतेच ते विकता येते. दुसरे कारण कराचे. युरोपीय संघात 2015 पासून डिजिटल सेवेवरील मूल्यवर्धित कर ग्राहक जिथे राहतो त्या देशाच्या दराने आकारला जातो, आणि ग्राहकाचे ठिकाण ठरवण्यासाठी विक्रेत्याने बिलाचा पत्ता, बँकेचा तपशील, इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता, सिमकार्डाचा देश अशा गोष्टींपैकी सर्वसाधारणपणे दोन, एकमेकींशी विसंगत नसलेल्या, पाहायच्या असतात. देश बदलताना नव्या देशातले कार्ड मागितले जाते, त्यामागे हा हिशेब आहे. ती निव्वळ अडवणूक नाही.

आता विकत घेतलेल्या वस्तूंविषयी. आपण ज्याला खरेदी म्हणता ती कायद्याच्या भाषेत बहुतेक वेळा मालकी नसून वापराचा परवाना असते. हा शब्दांचा खेळ ग्राहकाला कळावा म्हणून अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 1 जानेवारी 2025 पासून असा कायदा लागू केला की, ग्राहकाला केवळ परवाना मिळत आहे हे स्पष्ट न सांगता डिजिटल वस्तूवर 'विकत घ्या' असे लिहिता येणार नाही. (एकदा पूर्ण डाउनलोड करून कायमचे ऑफलाइन वापरता येते अशा वस्तूंना तो लागू नाही.) आपल्यासाठी त्यातला बोध एवढाच की, देश बदलल्यावर एखादा चित्रपट पुन्हा डाउनलोड करता आला नाही तर 'माझी मालमत्ता हिरावली' हा दावा फार काळ टिकत नाही, 'पैसे घेताना ही मर्यादा मला सांगितली नव्हती' हा दावा अधिक सबळ असतो.

'मी तर थोड्या काळासाठीच आलो आहे' असे म्हणून जुन्या देशातील स्टोअरची यादी चालू ठेवता येईल का, असाही मोह होतो. युरोपीय संघाचा 2017 चा 1128 क्रमांकाचा नियम, जो 1 एप्रिल 2018 पासून लागू झाला, पैसे भरलेल्या वर्गणीदाराला संघातील दुसऱ्या देशात तात्पुरते असताना मूळ देशातलीच यादी, जादा आकार न घेता, पाहू देतो. पण त्यातील कळीचा शब्द 'तात्पुरते' हा आहे, आणि राहण्याचा देश कोणता हे पडताळण्याची मुभा कंपनीला दिलेली आहे. आपण दोन्ही देशांची नावे कळवलेली नाहीत, म्हणून हा नियम आपल्याला लागू आहे की नाही हे मी सांगू शकत नाही. तरी नोकरी आणि कुटुंब दोन्ही नव्या शहरात असताना चार महिन्यांच्या वास्तव्याला प्रवास म्हणणे कोणत्याही न्यायासनापुढे कठीण जाईल.

म्हणजे देश बदलणे आलेच. प्रश्न आहे तो कधी आणि कोणत्या क्रमाने. माझ्याकडे असे पक्षकार येतात ज्यांनी घाईने बटण दाबले आणि मग शिल्लक, वर्गणी आणि संग्रह या तिन्हींसाठी वेगवेगळी पत्रे लिहीत बसले.

सर्वप्रथम शिल्लक. ती एका देशाच्या चलनात असते आणि नव्या देशात आपोआप वटत नाही. ॲपलच्या खात्यात ती शून्य केल्याशिवाय देश बदलताच येत नाही, आणि उरलेली रक्कम एकाही वस्तूला पुरेशी नसेल तर ग्राहक सेवेला सांगून ती मिटवावी लागते. गुगल प्लेमध्ये बदल करता येतो, पण जुनी शिल्लक जुन्या देशाच्या नोंदीत अडकून राहते आणि नव्या देशात वापरता येत नाही. म्हणून आपण ती आताच, जुन्या यादीतून हव्या असलेल्या वस्तूंवर खर्च करावी. मात्र तिच्यातून चित्रपट घेऊ नयेत. नव्या देशात त्यांचे हक्क असतील की नाही याची खात्री नसते. ॲपमधील शुल्क किंवा चालू वर्गणी भागवण्यास ती वापरणे श्रेयस्कर.

मग वर्गणी. आपण आजच तिचे स्वयंचलित नूतनीकरण बंद करावे. भरलेल्या मुदतीपर्यंत ती सहसा चालू राहते, त्यामुळे पाच महिने वाया जात नाहीत. फुकट चाचणीच्या काळातील वर्गणी मात्र रद्द करताच बंद पडू शकते, म्हणून त्या क्षणी पडद्यावर येणारी शेवटची तारीख वाचूनच पुढे जावे. काही वर्गण्या मुदत संपेपर्यंत देश बदलू देत नाहीत. भाड्याने घेतलेले चित्रपट, आगाऊ नोंदवलेल्या वस्तू आणि परताव्याची प्रलंबित रक्कम हेही तसेच अडसर ठरतात. या काळात जुन्या देशातले बँक कार्ड बंद करू नये. देयक अडकले की खाते थकबाकीत जाते, आणि थकबाकी असलेल्या खात्याचा देश बदलून घेणे ही कटकट असते.

कुटुंबाचा सामायिक गट असेल तर त्याचाही विचार हवा. गुगलच्या गटात सर्व सदस्य प्रमुखाच्याच देशातले असावे लागतात, आणि ॲपलमध्ये गटात असताना सदस्याला देश बदलण्यास अडचण येऊ शकते. पत्नी, मुले आपल्यासोबत आली असतील तर सगळ्यांचे बदल एकाच आठवड्यात उरकणे सोयीचे. कोणी मागे राहिले असेल तर त्यांना गटातून बाहेर काढावे लागेल, आणि त्यांना आपल्या खरेदीचा मिळणारा लाभही संपेल.

तोवर बँकेच्या ॲपचे काय, हे आपण विचाराल. त्यासाठी मुख्य खाते न हलवता नव्या देशाचे दुसरे, स्वतंत्र खाते उघडावे, खऱ्या पत्त्यावर, आणि त्यातून तेवढेच विनामूल्य ॲप घ्यावे. यात गैर काही नाही, कारण माहिती खरी आहे. ॲपलच्या फोनवर मात्र एक खोच आहे : दुसऱ्या खात्यातून जुनी खरेदी पुन्हा डाउनलोड केली किंवा स्वयंचलित डाउनलोड चालू केले, तर ते यंत्र त्या खात्याशी 90 दिवस बांधले जाऊ शकते. तेव्हा दुसऱ्या खात्यातून ॲप उतरवावे आणि लगेच मूळ खात्यात परत यावे. ॲप अद्ययावत करताना कधी कधी त्याच दुसऱ्या खात्याचा पासवर्ड मागितला जाईल, म्हणून तो जपून ठेवावा.

पाच महिन्यांनी, वर्गणीची मुदत संपल्यावर, बदल करण्यापूर्वी संग्रहाची नोंद करणे हे या सगळ्यातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे, आणि लोक नेमके तेच टाळतात. विकत घेतलेले सगळे, जे डाउनलोड होऊ शकते ते, आधी यंत्रात उतरवून घ्यावे. खरेदीच्या इतिहासाची पावती-यादी ईमेलमधून काढून एकत्र ठेवावी. विशलिस्टचे पडद्यावरील छायाचित्र घ्यावे. ती खरेदी नाही, केवळ यादी आहे, तिच्यावर आपला कोणताही करारजन्य हक्क नाही, आणि नव्या देशात न विकली जाणारी नावे तिच्यातून कसलीही सूचना न देता गळू शकतात. साठपैकी किती गळली हे केवळ जुन्या छायाचित्रावरूनच कळेल. जी वस्तू 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' असा संदेश दाखवते ती हक्कांमुळे अडली आहे, आणि जी मुळीच दिसत नाही ती कदाचित वेगळ्या नावाने किंवा वेगळ्या आवृत्तीत असेल. ती एकदा शोधून पाहावी. फोनवर आधीच असलेले ॲप सहसा चालू राहते, परंतु नव्या देशात ते उपलब्ध नसेल तर त्याची अद्ययावत आवृत्ती मिळणे थांबू शकते.

किमतीबाबत अपेक्षा स्पष्ट असाव्यात. नव्या देशात वर्गणी घेताना तो नवा करार असतो, त्या दिवशीचा दर आणि तिथला कर लागू होतो, आणि जुन्या ग्राहकाला मिळालेली सवलत सोबत येत नाही. तसेच हा बदल वारंवार करता येत नाही : गुगल प्लेमध्ये वर्षातून एकदाच, आणि संगणकीय खेळांच्या स्टीम दुकानात तीन महिन्यांतून एकदा. आपली बदली पुन्हा होण्याची चिन्हे असतील तर हा हिशेब आधी करावा. प्लेमधील बदल पूर्ण दिसायला दोन दिवस लागू शकतात. तेवढ्यात यादी अर्धवट दिसली म्हणून घाबरून पुन्हा काही बदलू नये.

एवढे करूनही पैसे भरलेली एखादी वस्तू हातून गेलीच, तर कंपनीला लेखी कळवताना मालकीचा मुद्दा बाजूला ठेवावा आणि तीन गोष्टी द्याव्यात : पावतीचा क्रमांक व तारीख, बदलापूर्वी ती वस्तू दिसत असल्याचे छायाचित्र, आणि नंतरचा संदेश. मागणीही नेमकी असावी, म्हणजे तीच वस्तू नव्या यादीतून विनामूल्य किंवा तिच्या किमतीचा परतावा. तीस दिवसांत समाधान न झाल्यास आपल्या नव्या देशातील ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जाता येईल, आणि त्या वेळी मला दोन्ही देशांची नावे व स्वीकारलेल्या अटींची प्रत पाठवावी.