मन उदास असताना माणसांत जावे का?

“मन खाली गेले की मला कोणीही नको असते. फोन घ्यावासा वाटत नाही, दार लावून पडून राहावेसे वाटते. घरचे म्हणतात, बाहेर पड, बरे वाटेल. पण आत काहीच नसताना चार माणसांत जाऊन बसणे हे नाटकच नाही का? आधी मन थोडे सावरू द्यावे आणि मग बाहेर पडावे, हे जास्त बरोबर नाही का?”

हाच प्रश्न घेऊन तालुक्याच्या गावातील एका माध्यमिक शाळेच्या शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगी शिकायला पुण्याला गेली, त्याच सुमारास शाळेतील जवळच्या मैत्रिणीची बदली झाली आणि पुढच्या काही महिन्यांत बाईंची संध्याकाळ आतल्या खोलीत जाऊ लागली. साडेपाचला घरी आल्यावर त्या साडी न बदलता पलंगावर आडव्या होत. बहिणीचा फोन वाजत राही, त्या तो पालथा करून ठेवत. महिन्याच्या भिशीला जाणे त्यांनी बंद केले होते. शाळा मात्र त्यांनी एक दिवसही चुकवली नव्हती, त्यामुळे घरच्यांना हा थकवाच वाटत होता.

थकवा आहे का, हे पाहणे आवश्यकच होते. डॉक्टरांकडून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घेतले, दोन्ही ठीक निघाले. त्यानंतर मी त्यांना एक साधी नोंद ठेवायला सांगितली: पलंगावर पडण्यापूर्वी मनाला दहापैकी किती गुण द्याल आणि उठल्यावर किती. विश्रांती आणि माघार बाहेरून सारख्याच दिसतात, परंतु विश्रांतीनंतर माणूस थोडा तरी ताजातवाना होतो. आठवडाभराच्या नोंदीत पडण्यापूर्वी चार आणि दोन तासांनी उठल्यावर तीन, असेच आकडे बहुतेक दिवस दिसले. मात्र दार लावल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत त्यांना स्पष्ट सुटका वाटत असे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले होते.

सारी गुंतागुंत त्या काही मिनिटांत आहे. फोन न घेतल्याबरोबर मनावरचा ताण हलका होतो आणि मन नोंदवून ठेवते की दूर राहिल्याने बरे वाटते, म्हणून पुढच्या वेळी दूर राहण्याची ओढ अधिक लवकर आणि अधिक जोरात येते. त्यानंतरचे दोन तास मात्र एकाच विचारावर घोळत जातात, बाहेरून आनंदाचे किंवा ‘हे मला जमले’ असे वाटण्याचे काहीही आत येत नाही आणि ‘माझी कोणाला गरज नाही’ हा समज खरा की खोटा, हे तपासण्याची संधीच मिळत नाही. उलट, सतत नकार मिळाल्यावर लोक बोलावणे कमी करतात आणि तो समज खरा असल्यासारखा दिसू लागतो. उदासीने माघार घडते, माघारीने उदासी वाढते. म्हणूनच मन सावरण्याची वाट पाहत खोलीत थांबले, तर ज्या गोष्टींनी ते सावरायचे त्याच दाराबाहेर राहतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीत यावर ‘विरुद्ध कृती’ नावाचे कौशल्य शिकवले जाते. भावना आपल्याबरोबर कृतीची एक ओढ आणते. रागात ती चाल करून जाण्याची असते, भीतीत पळण्याची आणि उदासीत आक्रसून एकटे राहण्याची. भावना परिस्थितीला धरून नसेल, किंवा ओढीप्रमाणे वागून आपले नुकसान होत असेल, तर त्या ओढीच्या नेमके उलट वागायचे. भावना नाकारायची नाही आणि लपवायचीही नाही. बाईंना नाटकाची शंका होती ती इथे सुटली. आनंदी असल्याचे भासवणे हे नाटक झाले असते, ‘माझे मन ठीक नाही, तरी मी आले आहे’ असे म्हणून येणे हे नाटक नाही.

सुरुवात भिशीपासून केली नाही. पहिला आठवडा फक्त इतकेच ठरले की शाळेतून आल्यावर आतल्या खोलीत जायचे नाही, साडी बदलायची आणि चहा घेऊन ओट्यावर, येणारे-जाणारे दिसतील असे बसायचे. त्यानंतर बहिणीला आपणहून फोन करायचा, दहा मिनिटे, आणि पहिल्याच वाक्यात सांगायचे, “ताई, मला सध्या उदास वाटते आहे, म्हणून मी फोन घेत नव्हते.” हे वाक्य आम्ही बसून शब्द न् शब्द ठरवले, कारण ऐन वेळी उदास मनाला शब्द सुचत नाहीत.

पुढच्या महिन्यात त्या भिशीला गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, “मॅडम, याचा उपयोग नाही. जाताना तीन होते, येताना दोन.” मी त्यांना तिथे कुठे बसला होता, हातात काय होते, असे बारकाईने विचारले. त्या दाराजवळच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घेऊन, मोबाइल पाहत बसल्या होत्या आणि वीस मिनिटांत उठल्या होत्या. शरीर भिशीत होते, पण नजर, बसण्याची रीत आणि ‘आता कधी निघता येईल’ हा विचार खोलीतलाच होता. विरुद्ध कृती अपुरी पडते ती बहुधा इथेच. अर्धी केली तर मनाला माघारच पोहोचते, शिवाय ‘माणसांत जाऊनही बरे वाटले नाही’ असा पुरावा मिळतो.

पुढच्या भिशीसाठी म्हणून जागेपासून ठरवले: पर्स आत ठेवायची, मध्ये बसायचे, खांदे सरळ, बोलणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहायचे, पोह्यांच्या बशा आपण वाटायच्या आणि बशी देताना प्रत्येकीला एक प्रश्न विचारायचा. बशा वाटण्याला मी मुद्दाम महत्त्व दिले, कारण हाताला काम असले की लक्ष स्वतःवरून हलते आणि बोलण्याला निमित्त मिळते. त्या दिवशी पहिला अर्धा तास जडच गेला. नंतर एका शेजारणीने सुनेच्या बाळंतपणाची हकिकत सांगितली आणि आपण पुढचा प्रश्न न ठरवता विचारला, हे बाईंच्या लक्षात आले. घरी येताना त्यांनी पाच लिहिले. तीनवरून पाच म्हणजे आनंद नव्हे. पण ओढ ओसरेपर्यंत थांबता येते, हे त्यांना स्वतःच्या नोंदीतून कळले.

प्रत्येक ठिकाणी मात्र उलट वागायचे नसते. त्यांच्या एका नातेवाइकांकडे जाण्याचा विषय निघाला, तेव्हा तिथे दर भेटीत घालूनपाडून बोलले जाते असे समजले. तिथून दूर राहण्याची ओढ वस्तुस्थितीला धरून होती, म्हणून ते घर आम्ही यादीतून काढले. जवळचे माणूस नुकतेच गेले असेल, तर काही काळ शांत बसून रडण्यालाही जागा हवी. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप व भूक बिघडलेली असेल, आंघोळीला उठणेही जमत नसेल, तर केवळ या कौशल्यावर न विसंबता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जगू नये असे विचार येत असतील, तर वाट पाहू नये. जवळच्या माणसाला लगेच सांगावे किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करावा.

बाईंचे मन आजही अधूनमधून खाली जाते. अशा संध्याकाळी चहा ओट्यावरच घ्यायचा, एवढा नियम त्यांनी ठेवला आहे, आणि बहिणीचा फोन त्या घेतात.